जेर हवा तिथे जबर: अरबीतली अर्धवट विभक्ती घेणारी नामं आयतीत कशी ओळखायची

कुरआन नाजरा, म्हणजे अर्थ न कळता नुसतं बघून वाचणं, माझं लहानपणीच गावच्या मकतबमध्ये पूर्ण झालं होतं. जबर, जेर, पेश सगळं तोंडपाठ. पण अमुक अक्षरावर जबरच का, जेर का नाही, हा प्रश्न पडायला वयाची पस्तिशी यावी लागली, अरबी व्याकरण शिकायला लागले तेव्हा. आणि पहिल्याच महिन्यात मी अशी एक चूक केली की जी मला चूक वाटतच नव्हती, कारण मराठीत तिचा अर्थ एकदम बरोबर लागत होता.

सूरह निसामधली १६३ वी आयत होती. त्यात येतं "औहैना इला इब्राहीम", मीमवर जबर. मी वहीत लिहिलं: जबर आहे म्हणजे कर्म, म्हणजे द्वितीया, "आम्ही इब्राहीमला वह्य पाठवली". मराठीत "ला" आलाच ना! मी खूश. मग त्याच आयतीत थोडं मागे नजर गेली तर "इला नूह", आणि तिथे ह वर दोन जेर. तेच क्रियापद, तोच "इला", मग एकाला जेर आणि दुसऱ्याला जबर कसा? शिकवणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "इब्राहीम गैर-मुन्सरिफ आहे, पुढच्या वर्षी शिकवू." पुढचं वर्ष लांब होतं, म्हणून मीच खोदत बसले. ते खोदकाम इथे क्रमाने मांडते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

लिहिण्याची एक पद्धत आधी ठरवू. मराठीत आपण शब्दाचा शेवटचा "अ" खातो, त्यामुळे शेवट नीट दिसावा म्हणून मी तो डॅश देऊन वेगळा लिहिणार आहे. पेश म्हणजे -उ, जबर म्हणजे -अ, जेर म्हणजे -इ. दोन पेश, दोन जबर, दोन जेर म्हणजे तनवीन: -उन, -अन, -इन.

काय काय लागेल

- पूर्ण चिन्हं असलेला मुसहफ. आपल्याकडे छापलेला चालेल, मदीना छापाचा पण चालेल. चिन्हं नसलेल्या अरबी मजकुरावर सुरुवातीला हात मारू नका.
- corpus.quran.com ही साइट. प्रत्येक शब्दाचं व्याकरण तिथे दिलेलं असतं. पण आधी स्वतः ठरवा आणि मग पडताळा, नाहीतर काही शिकणं होत नाही.
- हान्स वेअरचा शब्दकोश मिळाला तर उत्तम. त्यात अशा नामांच्या डोक्यावर बारीक २ चा आकडा असतो, म्हणजे "हा शब्द दोनच शेवट घेतो". मी तो आकडा कितीतरी दिवस तळटीपेचा समजत होते आणि पानाच्या खाली टीप शोधत होते.
- पेन्सिल. पेन नको, खोडावं लागतं.

१. आधी पूर्ण शेवट घेणारं नाम कसं दिसतं ते डोक्यात बसवा

साधं नाम घ्या, किताब. कर्ता असेल तर किताब-उन, कर्म असेल तर किताब-अन, आणि मागे "फी", "इला", "मिन", "बि" असलं काही अव्यय असेल किंवा "अमक्याचं" असा संबंध असेल तर किताब-इन. तीन कामं, तीन शेवट, तिन्हींवर तनवीन. "अल" लागला की तनवीन जाते पण तिन्ही स्वर राहतात: अल-किताब-उ, -अ, -इ. याला मुन्सरिफ म्हणतात.

आपलं नाम इथे कमी पडतं. इब्राहीम कर्ता असेल तर इब्राहीम-उ, कर्म असेल तर इब्राहीम-अ, आणि अव्ययानंतर परत इब्राहीम-अ. म्हणजे जेरची जागाच नाही, तिचं काम जबर करतो. आणि तनवीन कुठेच नाही. दोन गोष्टी गेल्या, जेर आणि तनवीन, बस एवढंच. मदरशात याला गैर-मुन्सरिफ म्हणतात, अरबी पुस्तकांत ममनूअ मिनस्सर्फ.

तिन्ही रूपं कुरआनमध्येच बघून घ्या. सूरह बकरा १२७ मध्ये इब्राहीम घराचा पाया उचलतायत, ते कर्ता, म्हणून "यर्फउ इब्राहीम-उ". त्याच सूरहच्या १२४ मध्ये त्यांच्या रबने त्यांची परीक्षा घेतली, ते कर्म, म्हणून "इब्तला इब्राहीम-अ रब्बुहू". आणि निसा १६३ मध्ये "इला इब्राहीम-अ". दुसरं आणि तिसरं दिसायला सारखं, काम मात्र वेगळं. माझी चूक इथेच झाली होती.

हे विचित्र वाटत असेल तर मराठीकडे बघा. आपण सातारा-साताऱ्याला म्हणतो, पण कॅनडा-कॅनडाला. कॅनड्याला असं कोणी म्हटलं तर आपण हसू. बाहेरून आलेलं नाव आपल्या सामान्यरूपाला पूर्ण बधत नाही, अर्धवटच वाकतं. अरबीत इब्राहीमचं साधारण तसंच झालंय. ही तुलना फार ताणू नका कारण अरबीत बाहेरून येणं हे अनेक कारणांपैकी एकच कारण आहे, पण पहिल्या दिवशी समजायला बरी पडते.

२. जबर दिसला की मागचा शब्द बघा

पक्का पुरावा एकच: मागे अव्यय आहे किंवा संबंधाचं नाम आहे, म्हणजे जेर यायलाच हवा होता, आणि आलाय जबर. असं दिसलं की नव्याण्णव टक्के गैर-मुन्सरिफ सापडलं.

रमजानच्या आयतीत, बकरा १८५, "शह्रु रमजान-अ". "रमजानचा महिना", म्हणजे रमजान षष्ठीत, तरी नूनवर जबर. मुल्क ५ मध्ये "बि-मसाबीह-अ", दिव्यांनी. मागे "बि" चिकटलाय तरी ह वर जबर. निसा ८६ मध्ये "बि-अहसन-अ मिन्हा", त्याहून चांगल्या शब्दांनी सलामला उत्तर द्या.

पण मागे अव्यय नसेल, नाम सरळ कर्म असेल, तर जबर कायद्याने आलेला आहे आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे एकच खूण उरते ती तनवीन नसण्याची. सूरह नूह २३ मध्ये पाच मूर्तींची नावं ओळीने येतात आणि पाचही कर्म आहेत: वद्द-अन, सुवाअ-अन, यगूस-अ, यऊक-अ, नस्र-अन. मधल्या दोघांनाच तनवीन नाही, कारण ती दोन नावं "य" ने सुरू होणाऱ्या क्रियापदाच्या घडणीची आहेत. लक्ष नसेल तर हा फरक कानावरून सहज निसटतो. मी तीस वर्षं ही आयत वाचत होते.

३. तनवीन नाही म्हणून लगेच शिक्का मारू नका

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. तनवीन नसण्याची इतर साधी कारणं आधी बाजूला काढायची असतात. "अल" लागलाय का? मग तनवीन जाणारच. पुढच्या नामाला जोडलेलं आहे का, "अमक्याचा तमका" मधला तमका? तरी तनवीन जाते. "या" म्हणून हाक मारली आहे का? या नूह-उ, तिथे पण नाही, आणि नूह तर पूर्ण मुन्सरिफ आहे. "ला रैब-अ" सारखा सरसकट नकार? तिथेही जबर एकच असतो. या चारातलं काहीही नसेल तरच पुढे चला.

आणि उलटी बाजू जास्त गमतीची आहे. गैर-मुन्सरिफ नामाला "अल" लागला किंवा ते पुढच्या नामाशी जोडलं गेलं, की त्याचा हरवलेला जेर परत येतो! निसा ८६ मधला "बि-अहसन-अ" आत्ता बघितला. आता सूरह तीन ४ बघा: "फी अहसन-इ तक्वीम". तोच अहसन, पण पुढे तक्वीमशी जोडला गेला आणि गपचूप जेर घेतला. तसंच मसाजिद, म्हणजे मशिदी. एकटा असेल तर गैर-मुन्सरिफ, पण बकरा १८७ मध्ये "फिल-मसाजिद-इ", अल आला आणि जेर आला.

असं का, तर जुन्या वैयाकरणांचं म्हणणं असं की हे नाम क्रियापदासारखं दिसायला लागलेलं असतं, आणि क्रियापद ना जेर घेतं ना तनवीन, म्हणून याचंही तेच होतं. पण क्रियापदाला "अल" कधी लागत नाही आणि ते कोणाशी षष्ठीत जोडलं जात नाही. म्हणून या दोन्हींपैकी एक आलं की साम्य तुटतं आणि नाम परत नामासारखं वागतं. उस्ताद लोक हे कारण मुळापासून सांगतात, तुम्ही सुरुवातीला एवढंच धरा.

४. शेजाऱ्याला विचारा

शब्द स्वतः आपली विभक्ती लपवतो, पण त्याचं विशेषण नाही लपवत. ही युक्ती मला फार उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त कामाची ठरली.

सूरह तौबा २५: "फी मवातिन-अ कसीरत-इन", बऱ्याच ठिकाणी. मवातिनवर जबर, पण त्याचं विशेषण कसीरत, त्याच्यावर दोन जेर. अरबीत विशेषण नामाच्या विभक्तीतच चालतं, मग विशेषण जेरमध्ये आहे म्हणजे नाम पण जेरमध्येच आहे, फक्त दाखवत नाहीये.

सूरह फज्र ६-७ त्याहून सुंदर आहे: "बि-आद-इन, इरम-अ, जात-इल-इमाद". आद ला दोन जेर, इरम ला जबर, आणि परत "जात" ला जेर. मधला एकटाच जबर घेऊन उभा. इरम हे आदचंच स्पष्टीकरण आहे, म्हणून तोही जेरच्या जागेवर आहे, आणि पुढचा जात-इ ते उघड करतो. इरम नाव आहे आणि स्त्रीलिंगी धरलंय, म्हणून अडलं, म्हणजे गैर-मुन्सरिफ झालं.

उलटपण होतं: नाम पूर्ण आणि विशेषण अर्धवट. रोजे नंतर भरून काढायच्या आयतीत, बकरा १८४, "मिन अय्याम-इन उखर-अ", दुसऱ्या दिवसांत. अय्यामला दोन जेर, विशेषण उखरला जबर. तिथे नामाकडून विशेषणाची विभक्ती कळते.

५. कारण शोधा, तीन कप्प्यांत

पुस्तकात नऊ कारणं असतात, पाठ करायची पद्धत आहे, अरबीत त्यावर पद्यही आहे. माझं मत विचाराल तर आधी नऊ पाठ करू नका. आयत वाचताना एकच प्रश्न विचारा: हे नाव आहे, अनेकवचन आहे, की विशेषण?

नाव असेल तर बघा, बाहेरचं आहे का (इब्राहीम, यूसुफ, फिर्औन), स्त्रीलिंगी आहे का (मरयम, मक्का), शेवटी जादाचं "आन" आहे का (रमजान, इम्रान), क्रियापदासारखं दिसतंय का (अहमद, यगूस), किंवा उमर सारखं उ-अ घडणीचं. नबींच्या नावांसाठी उलट लक्षात ठेवणं सोपं, कारण पूर्ण शेवट घेणारी प्रसिद्ध नावं सहाच: मुहम्मद, सालिह, शुऐब, हूद, नूह, लूत. पहिली चार अरबी धरलेली. नूह आणि लूत बाहेरचीच, पण तीन अक्षरी आणि मधलं अक्षर साकिन, म्हणजे स्वर नसलेलं, त्यामुळे जिभेला इतकी हलकी की अरबांनी सूट दिली.

अनेकवचन असेल तर कानाने ओळखा. अ-आ-इ किंवा अ-आ-ई असा ठेका: म-सा-जिद, म-वा-तिन, म-सा-बीह, त-मा-सील. अलिफनंतर दोन अक्षरं, किंवा तीन आणि मधलं "ई". हा ठेका एकटाच पुरेसा असतो, दुसरं कारण लागत नाही. मात्र शेवटी गोल ते आली तर सूट मिळते: तहरीम ६ मध्ये "मलाइकत-उन", ठेका तोच पण तनवीन हजर. आणि शेवटी जादाचा अलिफ-हमजा असलेली, उलमा, अंबिया, औलिया, हीसुद्धा अडलेलीच.

विशेषण असेल तर मुख्यतः अहसन, अकबर या घडणीची. बाकी थोडी आहेत, उखर त्यातलंच, आणि निकाहच्या आयतीतले (निसा ३) "मस्ना, सुलास-अ, रुबाअ-अ" म्हणजे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार.

६. एक पूर्ण आयत सोडवू

परत निसा १६३, जिथे मी पडले होते. पेन्सिल घ्या.

"इन्ना औहैना इलैक, कमा औहैना इला नूह-इन". इला नंतर दोन जेर, काही प्रश्न नाही.

"वन्नबिय्यीन-अ मिम बअदिही". इथे शेवटी जबर दिसतोय, आणि हे पण इला च्याच ताब्यात आहे. गैर-मुन्सरिफ? नाही! हे "ईन" वालं अनेकवचन आहे, त्याची विभक्ती नूनच्या जबरवर नसते, आधीच्या "ई" मध्ये असते. कर्ता असतं तर नबिय्यून-अ झालं असतं, नूनवर तेव्हाही जबरच. हा जबर मोजू नका. मी मोजला होता.

"व औहैना इला इब्राहीम-अ व इस्माईल-अ व इस्हाक-अ व यअकूब-अ". नवीन इला आला, त्याच्या मागे रांग लागली. चौघांना जबर, चौघं बाहेरची नावं.

"वल-अस्बात-इ". रांगेत मध्येच जेर! अस्बात म्हणजे वंशशाखा, साधं मुन्सरिफ अनेकवचन, वर अल. हा एक जेर अख्ख्या रांगेची साक्ष देतो. तुम्हाला शंका असेल की आधीचे चार जबर कर्माचे तर नाहीत, तर हा अस्बात-इ सांगतो की नाही, रांग जेरचीच आहे.

"व ईसा". शेवटी लांब आ, त्यावर कुठलंच चिन्ह बसत नाही, कुठल्याही विभक्तीत. त्याला सोडून द्या.

"व अय्यूब-अ व यूनुस-अ व हारून-अ व सुलैमान-अ". परत चार, सगळी जेरच्या जागेवर. सुलैमानच्या शेवटी आन दिसतो पण बाहेरचं असणं पुरेसं आहे, आनवर वाद घालत बसू नका.

"व आतैना दाऊद-अ जबूर-अन". इथे सापळा आहे. आठ जबर मोजून झाल्यावर दाऊद पण त्याच रांगेत टाकावासा वाटतो. पण मध्ये नवीन क्रियापद आलंय, आतैना, "आम्ही दिलं". इला संपला. दाऊद इथे खरोखर कर्म आहे आणि त्याचा जबर हा खरा जबर आहे. जबूर हे दुसरं कर्म, साधं नाम, म्हणून तनवीनसकट. म्हणजे नऊ नावांवर हुबेहूब सारखं चिन्ह, त्यातली आठ जेरच्या जागेवर आणि एक जबरच्या. दाऊद शब्दाकडे बघून हे कधीच कळणार नाही, क्रियापद बदललं हे बघितलं तरच कळेल.

आता साइटवर पडताळून बघा. इब्राहीमच्या खाली अरबीत "कसराच्या ऐवजी फतहाने मजरूर, कारण ममनूअ मिनस्सर्फ" अशा अर्थाचं लिहिलेलं सापडेल. कसरा म्हणजे आपला जेर, फतहा म्हणजे जबर. पुस्तकांत हीच नावं असतात.

७. मग यातून अर्थाचं काय कळतं

बहुतेक ठिकाणी अर्थ बदलत नाही, फक्त वाक्याची बांधणी नीट कळते. पण काही ठिकाणी एका तनवीनवर अर्थ फिरतो.

सूरह यूसुफ ९९ मध्ये यूसुफ आपल्या घरच्यांना म्हणतात "उद्खुलू मिस्र-अ", मिस्रमध्ये या. तनवीन नाही, मिस्र हे देशाचं नाव, स्त्रीलिंगी धरलेलं. आणि बकरा ६१ मध्ये बनी इस्राईल काकडी-लसूण-मसूर मागतात तेव्हा मूसा म्हणतात "इह्बितू मिस्र-अन". दोन जबर. दोन्हीकडे कर्मच, फरक फक्त तनवीनचा. मिस्र या शब्दाचा साधा अर्थ शहर असाही आहे, म्हणून बऱ्याच भाष्यकारांनी इथे "कुठल्याही शहरात उतरा, मागताय ते तिथे मिळेल" असा अर्थ घेतला. अनेक भाषांतरांत "एखाद्या शहरात" दिसतं ते त्यामुळे. पण सावध, काहींनी इथेही देशच घेतलाय, कारण मिस्र तीन अक्षरी आणि मधलं साकिन, अशा स्त्रीलिंगी नावाला तनवीन दिली तरी व्याकरणात चालते. म्हणजे तनवीन इशारा करते, निकाल नाही देत.

दुसरं समूद. सूरह हूद ६८ मध्ये हफ्सच्या वाचनात, जे आपण वाचतो, "इन्न समूद-अ", तनवीनशिवाय. पण मुसहफमध्ये दालच्या पुढे अलिफ लिहिलेला आहे, जो आपण उच्चारत नाही. तो तिथे आहे कारण इतर बऱ्याच कारींच्या वाचनात "समूद-अन" आहे. वैयाकरण म्हणतात, टोळी म्हणून धरलं तर स्त्रीलिंगी, म्हणून अडलं. मूळ पुरुष किंवा लोकसमूह म्हणून धरलं तर पुल्लिंगी, म्हणून पूर्ण. एकाच लिखाणात दोन्ही वाचनं मावतात.

आणि एक गोष्ट जी यातून कळत नाही, ती पण सांगते. तनवीन नाही म्हणजे नाम निश्चित झालं असं समजू नका. "बि-मसाबीह-अ" म्हणजे "त्या दिव्यांनी" नाही, नुसतं "दिव्यांनी". मवातिनचं विशेषण कसीरत तनवीन घेऊन उभं आहे, म्हणजे नाम अनिश्चितच आहे. मी सुरुवातीला अशा प्रत्येक अनेकवचनाला मनातल्या मनात "ते" लावत होते.

८. हमखास फसवणारे

जादाचा अलिफ. सूरह दहर ४ मध्ये "सलासिल-अ" च्या शेवटी अलिफ लिहिलाय आणि त्यावर छोटं शून्यासारखं चिन्ह. नवीन माणसाला वाटतं तनवीनचा अलिफ आहे. हफ्समध्ये पुढे चालू ठेवून वाचताना तो उच्चारायचा नाही, नाम गैर-मुन्सरिफच आहे, ठेका ओळखा: स-ला-सिल. काही वाचनांत मात्र खरंच सलासिल-अन आहे.

अशिया आणि अस्मा. दोन्हींच्या शेवटी अलिफ-हमजा. माइदा १०१ मध्ये "अन अशिया-अ", अडलेलं. नज्म २३ मध्ये "अस्मा-उन", तनवीनसकट. अस्माचा हमजा मूळ अक्षराच्या जागी आलेला आहे, जादाचा नाही, म्हणून ते सुटतं. अशियाचा हमजाही मूळचाच दिसतो, तरी ते अडतं, आणि का यावर बसरा आणि कूफाच्या वैयाकरणांचं जुनं भांडण आहे. खलील आणि सीबवैह म्हणतात की शब्दातली अक्षरं पुढेमागे झालीत आणि शेवटचा हमजा जादाचाच आहे. हा एक शब्द पाठच करा.

"आत" वालं अनेकवचन. "खलकल्लाहुस्-समावात-इ", आकाशं कर्म आहेत तरी जेर. हे आपल्या नामांचं बरोबर उलटं आहे, तिथे जबरचं काम जेर करतो. ते गैर-मुन्सरिफ नाही. परीक्षेत हमखास घालतात.

थांबा. आयतीच्या शेवटी थांबलं की शेवटचा स्वर पडतो, म्हणून कानाने ऐकून ठरवू नका, चिन्ह बघा.

आणि जुन्या अरबी कवितेवर हे लगेच लावायला जाऊ नका. कवी वृत्त जुळवायला अशा नामांना सर्रास तनवीन देऊन टाकतात आणि त्याला व्याकरणात परवानगी आहे.

९. आता तुम्ही करा

सूरह सबा १३, सुलैमानसाठी जिन्न काय काय बनवायचे त्याची यादी: "मिन महारीब-अ व तमासील-अ व जिफान-इन कल-जवाबि व कुदूर-इन रासियात-इन". कमानी, मूर्ती, हौदाएवढी ताटं, आणि जागची न हलणारी पातेली. चारही अनेकवचनं, चारही एकाच मिन च्या मागे. खाली बघण्याआधी ठरवा, दोघांनाच जबर का.

म-हा-रीब, त-मा-सील: अ-आ-ई, ठेका जमला, अडले. जि-फान इ ने सुरू होतं, कु-दूर उ ने, ठेका नाही, म्हणून दोघं आपला जेर आणि तनवीन घेऊन सुटले. आणि या दोघांच्या जेरमुळेच पहिल्या दोघांची जागा पण कळते. कल-जवाबिचं काय ते आज सोडून द्या, तिथे एक "य" गळलेली आहे आणि तो अख्खा वेगळा विषय आहे.